दहा दिवसांची सूट आणि पंचेचाळिसाव्या दिवसानंतरचे व्याज

पत्र

सप्रेम नमस्कार. जळगावच्या एमआयडीसीत माझे आणि माझ्या दिरांचे पीव्हीसी फिटिंग्जचे छोटे युनिट आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आसपास आहे. चोपडा, अमळनेर, पाचोरा, शिरपूर, शहादा या भागांत चौदा डीलर आहेत. रेझिनचे पैसे आम्हाला माल उचलण्याआधी भरावे लागतात. डीलर मात्र ‘कापूस निघू द्या’ म्हणत अडीच-तीन महिने लावतात. बँकेची पंचवीस लाखांची सीसी अकरा टक्क्यांची आहे आणि ती कायम पूर्ण वापरलेली असते. बँकेचे व्याज सोडले तर शेकडा सहा रुपये सुटतात. बिलावर ‘मुदत ३० दिवस, नंतर २४ टक्के व्याज’ असे छापले आहे, पण ते आजवर कुणी दिले नाही आणि आम्हीही मागितले नाही. दहा दिवसांत पैसे देणाऱ्याला दोन टक्के सीडी द्यावी, असे दीर म्हणतात. मला वाटते, सूटही जाईल आणि पैसेही वेळेवर येणार नाहीत. काय करावे?

— एक उद्योजिका, जळगाव

उत्तर

ताई, तुमची भीती रास्त आहे, आणि दिरांचा विचारही सर्वस्वी चुकीचा नाही. अडचण एवढीच आहे की सूट आणि व्याज हे दोन स्वतंत्र निर्णय समजून घेतले, तर दोन्ही फसतात. उशीर केल्याबद्दल डीलरला काहीच मोजावे लागत नसेल, तर लवकर पैसे देण्याची सूट त्याला नेहमीच अपुरी वाटणार. हे मी पुढे आकड्यांनी दाखवणार आहे. पण त्याआधी तुम्हाला एक काम करावे लागेल, ते म्हणजे प्रत्येक डीलर प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देतो हे शोधण्याचे. ‘अडीच-तीन महिने’ हा अंदाज झाला, आणि अंदाजावर सूट ठरवता येत नाही.

हे शोधणे वाटते तितके सोपे नाही, कारण आपल्याकडचा डीलर सहसा बिलाप्रमाणे पैसे देत नाही. तो फोन करतो, ‘खात्यावर एक लाख टाकले’, आणि ती गोल रक्कम नेमकी कोणत्या बिलाची हे कुणीच ठरवत नाही. अशा खात्यात दहा दिवसांची सूट कोणत्या बिलावर द्यायची आणि व्याज कोणत्या बिलावर लावायचे, हाच वाद होऊन बसतो. म्हणून टॅलीत प्रत्येक डीलरच्या लेजरमध्ये `Maintain balances bill-by-bill` हा पर्याय `Yes` आहे ना, ते आधी पाहा, आणि येणारी प्रत्येक रक्कम जमा करतानाच बिलाला जोडा. डीलरने कोणते बिल ते सांगितले तर ते; न सांगितल्यास सर्वांत जुन्या बिलात. रक्कम कशापोटी आहे हे देणाऱ्याने सांगितले नसेल, तर ती कोणत्या कायदेशीर येण्यात वळती करायची हे घेणाऱ्याने ठरवावे, अशी मुभा करार कायद्यातही आहे. मग गेल्या वर्षाची बिले घेऊन रकमेच्या प्रमाणात दिवस काढा. ८०,००० रुपयांच्या बिलापैकी निम्मे साठाव्या दिवशी आणि निम्मे शंभराव्या दिवशी आले असतील, तर ते बिल ८० दिवसांचे झाले. चौदा डीलरांचे हे काम एका बैठकीत उरकते.

बहुधा तुम्हाला असे दिसेल की दोन-तीन डीलर वीस दिवसांत पैसे देतात, काही पंचेचाळीसच्या आसपास, बरेचसे पंच्याहत्तरच्या आसपास, आणि एखाद-दोन जण चार महिन्यांच्या पुढे जातात. आता दोन टक्के सूट यांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत तुम्हाला काय देते ते पाहू. एक लाखाचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १,१८,००० रुपयांचे. इथे हिशेब एक लाखावर न करता पूर्ण बिलावर करायचा, कारण डीलरने पैसे दिलेले असोत वा नसोत, तुमच्या मासिक विवरणपत्रात त्या बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो. रेझिनवरच्या कराची वजावट मिळून जो कर उरतो, तोही डीलरचे पैसे येईपर्यंत तुमच्या सीसीतूनच जातो.

दोन टक्के सूट मूळ एक लाखावर दिली, तर २,००० रुपये कमी होऊन तुमच्या खात्यात दहाव्या दिवशी १,१६,००० येतात. एरवी पंच्याहत्तराव्या दिवशी देणाऱ्याकडून ते आले, तर पैसे ६५ दिवस आधी आले, आणि ११ टक्क्यांनी तेवढ्या दिवसांचे सीसीचे व्याज सुमारे २,२७० रुपये वाचते. दोन हजार देऊन २,२७० वाचले, म्हणजे जेमतेम फायदा. जो पंचेचाळिसाव्या दिवशी देत होता, त्याच्याकडून ३५ दिवसांचे सुमारे १,२२० रुपये वाचतात; तिथे जवळपास ७८० रुपयांचे नुकसान आहे. आणि जो विसाव्या दिवशी देतच होता, त्याच्याकडून पैसे फक्त दहा दिवस आधी येतात, व्याज ३५० रुपये वाचते आणि सूट २,००० रुपयांची जाते. आता खरी गोम अशी आहे की ही सूट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत हौसेने घेणारा हाच विसाव्या दिवशीचा डीलर असतो. शेकडा सहा रुपये सुटणाऱ्या धंद्यात त्यांतले दोन रुपये जो वेळेवर पैसे देतच होता त्याला देऊन टाकायचे, ही तुमची भीती आकड्यांतही खरी ठरते.

पण पंच्याहत्तर दिवसांचा डीलर तरी ती सूट घेईल का? त्याच्या बाजूने हिशेब करून पाहा. त्याचीही बँकेत सीसी आहे आणि ती बारा टक्क्यांची आहे असे धरू. तुमचे १,१६,००० रुपये त्याने ६५ दिवस आधी दिले, तर त्याला सुमारे २,५०० रुपये व्याज पडते आणि तुमच्याकडून मिळतात २,०००. तो डोळे मिटूनही सांगेल की हा सौदा त्याला परवडत नाही. तुमचे पैसे हे त्याच्यासाठी बिनव्याजी कर्ज आहे, आणि बिनव्याजी कर्ज कुणी लवकर फेडत नसते.

आता यात व्याजाची अट खरोखर आणून बघा. समजा मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे आणि त्यापुढे दरमहा दीड टक्का व्याज लागते, आणि ते नुसते छापलेले नाही तर प्रत्यक्षात आकारले जाते. पंच्याहत्तराव्या दिवशी देणाऱ्याला एका महिन्याचे १,७७० रुपये पडले. आता सूट दोन टक्क्यांऐवजी एकच टक्का ठेवा. थांबण्यामुळे त्याची १,००० रुपयांची सूट बुडते आणि वर १,७७० व्याज लागते, मिळून २,७७०. आणि थांबून त्याचे वाचतात तेच सुमारे २,५००. म्हणजे व्याजाची अट जिवंत असेल तर एक टक्का सूटसुद्धा त्याला पटते, आणि ती मेलेली असेल तर दोन टक्केही पटत नाहीत. तुमच्या बाजूनेही एक टक्का बरा पडतो: पंच्याहत्तर दिवसांच्या डीलरमागे या बिलावर जवळपास १,२९० रुपये उरतात, पंचेचाळीस दिवसांच्या डीलरमागे सव्वादोनशेच्या आसपास, आणि विसाव्या दिवशीच्या डीलरमागचा तोटा साडेसहाशेच्या आत राहतो. तो तोटा मी सोसायला सांगेन. एकाच तालुक्यातले डीलर एकमेकांना दर विचारतातच, आणि नियमित माणसाला वगळून बुडव्याला सूट दिली हे कळले तर नियमित माणूसही नियमित राहणार नाही. सर्वांना एकच अट ठेवा.

माझे मत त्यामुळे असे आहे: दहा दिवसांत एक टक्का, पंचेचाळीस दिवसांत पूर्ण रक्कम, त्यानंतर दरमहा दीड टक्का. तुम्ही आज तीस दिवस छापता. ते पंचेचाळीस करणे ही माघार वाटेल. पण ज्या मुदतीवर तुमचाही विश्वास नाही आणि डीलरचाही नाही, तिच्यापेक्षा जी मोडली की सेहेचाळिसाव्या दिवशी खरोखर काही घडते अशी मुदत बरी. पंचेचाळीस निवडण्याला दुसरेही कारण आहे, ते कायद्याचे. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

चोवीस टक्के का चालले नाहीत, हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर दीड टक्काही तसाच छापील राहील. बिलाच्या तळाची ओळ डीलर माल उतरवून घेतल्यावर वाचतो, वाचलीच तर. त्या अटीला त्याने आधी कधी होकार दिलेला नसतो, त्यामुळे ‘हे तुम्ही एकतर्फी छापले’ असे तो म्हणू शकतो. वर्षानुवर्षे ते व्याज न मागितल्याने तुम्ही ते सोडून दिले असा त्याचा समज पक्का होतो. आणि दिवाळीला एकदम वर्षभराचे पन्नास हजार व्याज मागायला गेलात, तर धंदाच तुटतो, म्हणून तुम्ही मागतही नाही. याला उपाय म्हणजे व्याज लहान असतानाच मागणे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्यांची बिले मुदत ओलांडून गेली आहेत, त्यांना त्या महिन्याच्या व्याजाची डेबिट नोट पाठवा. ती १,७७० रुपयांची असेल, ६०० रुपयांची असेल. पण ती खातेउताऱ्यात दिसेल. पहिल्या दोन महिन्यांत फोन येतील. त्यावर भांडण करू नका. एकदा सोडायचे असेल तर जुने बिल पूर्ण जमा झाल्यावरच सोडा, आणि तेही क्रेडिट नोट काढून. तोंडी सोडलेले व्याज पुढच्या वेळी हक्क बनते.

या व्याजाबद्दल जीएसटीतली एक गोष्ट तुमच्या अकाउंटंटला सांगून ठेवा. उशिराबद्दल घेतलेले व्याज हे कायद्याने मालाच्या किमतीचाच भाग धरले जाते, त्यामुळे त्यावरही मालाच्याच दराने, म्हणजे तुमच्या बाबतीत १८ टक्क्यांनी, कर लागतो. मात्र तो कर व्याज आकारल्याच्या दिवशी देय होत नाही. ते प्रत्यक्ष हातात आल्यावर होतो. तेव्हा न मिळालेल्या व्याजावर खिशातून कर भरावा लागेल, ही भीती बाळगून डेबिट नोट टाळू नका. नोंदणीकृत डीलरला त्या कराची वजावट मिळते, त्यामुळे त्याचेही फारसे बिघडत नाही.

सुटीच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जीएसटीसह क्रेडिट नोट, ज्यात तुमचा कर कमी होतो आणि डीलरला तेवढी वजावट उलटवावी लागते. दुसरा म्हणजे कर न लावता नुसती व्यापारी क्रेडिट नोट, ज्यात दोघांच्याही जीएसटीला धक्का लागत नाही. हजार रुपयांच्या सुटीमागे कराचा फरक १८० रुपयांचा. तेवढ्यासाठी डीलरने वजावट उलटवली की नाही याचा दर महिन्याला पाठपुरावा करायचा, हे चौदा डीलरांच्या युनिटला परवडणारे काम नाही. व्यापारी क्रेडिट नोट ठेवा. कुणी कितीही सांगितले तरी ही सूट बिलातच आधी कापून देऊ नका. बिलात कापलेली सूट डीलर पंचविसाव्या दिवशी पैसे देतानाही धरूनच चालतो, आणि मग ती परत मिळवणे म्हणजे नवी उधारी वसूल करण्यासारखेच आहे. सूट नेहमी पैसे आल्यावर, क्रेडिट नोटने.

आता कायदा. तुमची उलाढाल आणि मशिनरी पाहता तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता, आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा उत्पादकाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरले नसेल तर हीच मुदत १५ दिवसांची होते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ, असे व्याज लागते. बँक रेट साडेपाच असेल तर ते साडेसोळा टक्के होते. म्हणजे तुमचा दरमहा दीड टक्का कायद्याच्या आसपासच आहे, आणि डीलरला हे सांगता येते. प्रकरण सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेपुढे गेले, तर मात्र करारातला दर बाजूला राहून कायद्यातलाच दर लागतो, हे ध्यानात असू द्या.

या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल पाठवण्याआधीची असावी. नंतर नोंदणी करून मागच्या बिलांवर दावा करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत अडचण आलेली आहे. नोंदणी असेल तर तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. नोंदणीत तुमचे काम उत्पादन म्हणून लिहिलेले आहे ना, हेही तपासा, कारण केवळ व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी उशिराच्या पैशांचे हे संरक्षण मिळत नाही.

क्रमांक छापण्याचा खरा उपयोग आयकराच्या बाजूने होतो. बाजारात ‘त्रेचाळीस बी एच’ म्हणून जी तरतूद बोलली जाते, ती आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे या मुदतीत दिले नाही आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही; पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्चमध्ये डीलरचा सीए त्याला ही यादी दाखवतो आणि तेव्हा तुमचे नाव तिच्यात असणे फायद्याचे ठरते. पण हे हत्यार फार ताणू नका. जे लहान डीलर अंदाजित नफ्याच्या योजनेत कर भरतात, त्यांच्यावर याचा काही परिणाम होत नाही, आणि वर्षाच्या मधल्या उशिरावरही होत नाही. मोठ्या खरेदीदारांपैकी काहींनी तर ही कटकट नको म्हणून नोंदणी नसलेल्या उत्पादकाकडे वळणे पसंत केले. म्हणून फेब्रुवारीत एक साधे खातेउतारा-पत्र पाठवावे, त्यात उद्यम क्रमांक आणि मुदत संपलेली बिले लिहावीत, एवढे पुरे.

आता प्रत्यक्ष अट कशी लिहायची. बिलाच्या तळाशी ती राहीलच, पण त्याआधी प्रत्येक डीलरला लेटरहेडवर पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. मजकूर साधारण असा असावा:

“दि. ___ नंतरच्या सर्व बिलांना पुढील अटी लागू राहतील. माल पोहोचल्याच्या तारखेपासून दहा दिवसांत बिलाची रक्कम आमच्या बँक खात्यात जमा झाल्यास करपूर्व किमतीवर १ टक्का सूट क्रेडिट नोटद्वारे पुढील बिलात दिली जाईल. मुदत संपलेले कोणतेही जुने बिल बाकी असल्यास ही सूट लागू होणार नाही. पूर्ण रक्कम माल पोहोचल्यापासून ४५ दिवसांत देय राहील. त्यानंतर थकीत रकमेवर दरमहा १.५ टक्का दराने, दिवसांच्या प्रमाणात, व्याज आकारले जाईल. बिलाचा उल्लेख नसलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलात जमा केली जाईल. मालाबाबत तक्रार असल्यास ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी.”

यातला प्रत्येक तुकडा एखाद्या नेहमीच्या वादासाठी आहे. ‘माल पोहोचल्याची तारीख’ अशासाठी की शहाद्याला ट्रान्सपोर्टने माल दोन दिवसांनी गेला, तर बिलाच्या तारखेवरून वाद होतो. तेव्हा चलनाच्या प्रतीवर किंवा बिल्टीवर पोहोच तारखेसह सही आणा. कायद्यातली मुदतही माल पोहोचल्यापासूनच मोजली जाते, आणि तक्रारीचे पंधरा दिवसही तिथूनच आले आहेत. ‘बँक खात्यात जमा’ हे शब्द पुढच्या तारखेच्या चेकसाठी आहेत. आठव्या दिवशी महिनाभर पुढचा चेक देऊन सूट मागणारा डीलर तुम्हाला भेटणारच. आणि ‘जुने बिल बाकी असल्यास सूट नाही’ हा सर्वांत महत्त्वाचा तुकडा, कारण त्याच्याविना नव्या बिलाचे पैसे दहा दिवसांत देऊन सूट घ्यायची आणि जुने तीन लाख तसेच ठेवायचे, हा उद्योग लगेच सुरू होतो.

सर्वांत जास्त डोकेदुखी परस्पर कापलेल्या सुटीची होईल. पंचविसाव्या दिवशी डीलर १,१७,००० पाठवेल आणि ‘सीडी वजा केली’ म्हणेल. ते हजार रुपये त्या बिलावर बाकी म्हणूनच ठेवा, दर उताऱ्यात दाखवा, आणि ते येईपर्यंत पुढच्या बिलाची सूट रोखा. एकदा हे हजार सोडले की दहा दिवसांची मुदत त्याच्यापुरती पंचवीस दिवसांची झाली असे समजा.

हे सारे कधी सुरू करावे? कापसाचा पैसा हाती येतो तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर, असे मी सुचवेन. ज्याच्याकडे पैसाच नाही त्याला कितीही टक्के सूट दाखवून उपयोग नाही, आणि मे महिन्यात शेतकऱ्यांकडे उधारी अडकलेल्या डीलरला दहा दिवसांची अट म्हणजे थट्टा वाटेल. नोव्हेंबर ते जानेवारीत दोन-तीन वेळा सूट घेतलेला डीलर उन्हाळ्याच्या हंगामातही तिची सवय सोडत नाही. निदान पंचेचाळीस दिवस तरी सांभाळतो. पत्र महिनाभर आधी द्या, आणि शक्य असेल तर दोन-तीन मोठ्या डीलरांकडे दिरांनी स्वतः जावे.

तीन महिन्यांनी दोन आकडे बघा. एक, एकूण किती सूट गेली आणि ती कुणाला गेली. दुसरा, सरासरी वसुलीचे दिवस किती झाले. तुमची उलाढाल दीड कोटी धरली तर जीएसटीसह वर्षाची बिले १ कोटी ७७ लाखांची होतात, म्हणजे सरासरीचा एक दिवस कमी झाला की सुमारे ४८,५०० रुपये मोकळे होतात. पंच्याहत्तरचे पंचेचाळीस झाले तर साडेचौदा लाखांच्या आसपास. बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे जुनी बिले कमी झाली तर सीसीतही जागा होते. सूट जात आहे पण दिवस हलत नाहीत, असे दिसले तर सूट वीस दिवसांच्या डीलरांनाच जात आहे आणि डेबिट नोटा कुणी मनावर घेतलेल्या नाहीत. तेव्हा सुटीचा टक्का वाढवू नका. साठाव्या दिवसानंतर नवा माल थांबवा. व्याजापेक्षा हा नियम जास्त लवकर कळतो, आणि त्याला कागदही लागत नाही.

राहिला प्रश्न चार महिन्यांच्या पुढे जाणाऱ्या डीलरांचा. ते तुटतील ही धास्ती असेल तर त्यांचा हिशेब वेगळा मांडून पाहा. एक लाखाच्या मालावर तुम्हाला सहा हजार सुटतात. १,१८,००० रुपये १२० दिवस अडकले तर सीसीचे व्याज सुमारे ४,२७० रुपये जाते, आणि १७० दिवसांना सगळेच सहा हजार संपतात. अशा डीलरला माल द्यायचाच असेल तर पैसे आधी घेऊन द्या, त्याला तीच एक टक्का सूट द्या, आणि नवी उधारी बंद करा. त्याआधी त्याच्या जुन्या बाकीचे कबुलीपत्र ३१ मार्चच्या आकड्यासह सहीनिशी घेऊन ठेवा, कारण दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि मुदत संपण्याआधीच्या लेखी कबुलीने ती नव्याने मोजली जाते. ते पत्र घेण्यासाठी व्याजातले काही सोडावे लागले तर खुशाल सोडा.